सापळ्यात दहा पतंग सापडले, मग फवारायचं का? हरभऱ्यातला कामगंध सापळा कसा वाचायचा

डिसेंबर उजाडला की आमच्या वाशी तालुक्यात हरभरा फुलोऱ्यात येतो आणि शेजारच्या रानातली तूर शेंगा भरत असते. ह्याच दिवसांत कृषी सेवा केंद्रात एक प्रश्न रोज ऐकू येतो: "सापळ्यात दहा-बारा पतंग पडलेत, कोणतं औषध मारू?" दुकानदार पुडी काढून देतो. पण सापळ्यातल्या पतंगांचा आणि फवारणीचा संबंध इतका सरळ नसतो. सापळा काय मोजतो, काय मोजत नाही आणि त्या आकड्यावरून पुढचं पाऊल कसं ठरवायचं, ते या लेखात बघू. सगळ्या किडी एकदम घेण्यापेक्षा एकच धरतो, घाटेअळी. तीच तुरीत शेंगा पोखरते, कपाशीत हिरवी बोंडअळी म्हणून येते आणि हरभऱ्याच्या घाट्यात अर्धं अंग आत, अर्धं बाहेर अशी दिसते.

सापळ्यात पडतो तो फक्त नर

घाटेअळीची मादी पतंग रात्री एक विशिष्ट गंध सोडते आणि त्या वासाच्या मागावर नर येतो. हा गंध मुख्यतः दोन रसायनांचं मिश्रण असतो, एक साधारण ९७ भाग आणि दुसरं ३ भाग. तेच मिश्रण कारखान्यात बनवून रबराच्या छोट्या बुचात मुरवतात. त्यालाच आपण ल्यूर म्हणतो, आणि घाटेअळीचं ल्यूर दुकानात 'हेलिल्यूर' या नावाने मिळतं. प्रत्येक किडीचं मिश्रण वेगळं असतं. तंबाखूवरील पाने खाणाऱ्या अळीचं, म्हणजे स्पोडोप्टेराचं ल्यूर लावलं तर त्यात घाटेअळीचा पतंग येणार नाही. म्हणून दोन ल्यूर एकाच सापळ्यात कोंबायची नाहीत, आणि एका जातीचं ल्यूर हाताळलेल्या बोटांनी दुसऱ्या जातीचं ल्यूर धरायचं नाही.

यातून पहिली गोष्ट कळते ती अशी: सापळ्यात पडलेला एकही पतंग अंडी घालणारा नव्हता. नुकसान करते ती अळी, अळी येते अंड्यातून आणि अंडी घालते मादी. ती मादी सापळ्यात येतच नाही. नर वाढले म्हणजे माद्याही आल्या असाव्यात, असा आपण अंदाज बांधतो. हा अंदाज बहुतेक वेळा बरोबर असतो, पण तो अंदाजच आहे. म्हणून मी सापळ्याला दारावरची घंटा म्हणतो. कोणीतरी आलंय इतकं ती सांगते. कोण आलंय आणि किती जण, हे दार उघडूनच बघावं लागतं.

"सापळे लावले, आता फवारणीची गरज नाही" असंही काही जण म्हणतात. एकरी दोन सापळे हे मोजणीसाठी असतात, किडीचा बंदोबस्त करण्यासाठी नाहीत. एक नर एकापेक्षा जास्त माद्यांशी जुगतो, त्यामुळे काही नर अडकले तरी अंडी घालणं थांबत नाही. नर पकडून कीड कमी करायची असेल तर सापळे कितीतरी पटीने जास्त लागतात आणि तेही एकट्याच्या रानात नाही, सगळ्या शिवारात.

लावताना काय बघायचं

मोजणीसाठी हेक्टरी पाच सापळे सांगतात, म्हणजे एकरी दोन. दोन सापळ्यांत साधारण ५० मीटर अंतर ठेवायचं. नरसाळ्याचा सापळा काठीला असा बांधायचा की ल्यूर पिकाच्या शेंड्यापेक्षा फूटभर वर राहील. पीक वाढेल तसा सापळा वर सरकवायचा, आणि हेच बहुतेक रानांत राहून जातं. खालच्या प्लास्टिकच्या पिशवीचं तोंड घट्ट बांधायचं आणि पिशवीला भोक पडलंय का ते बघायचं, कारण भोकातून मुंग्या शिरल्या की सकाळी नुसते पंख उरतात.

सापळा रोज सकाळी एकाच वेळी रिकामा करायचा. नोंद करताना तारीख रात्रीची घालायची. ७ तारखेच्या सकाळी मोजलेले पतंग हे '६ डिसेंबरची रात्र' म्हणून लिहायचे. हा नेम नसेल तर पुढे थंडी, पाऊस आणि आकडा यांचा मेळच लागत नाही.

मोजताना पतंग ओळखायलाही हवा. घाटेअळीचा नर फिकट पिवळसर-हिरवट राखाडी असतो, पुढच्या पंखावर मूत्रपिंडासारखा एक गडद डाग असतो आणि मागचे पंख पांढुरके, पण कडेला काळपट पट्टा. भुरकट पंखांवर पांढऱ्या आडव्यातिडव्या रेषांची जाळी दिसली तर तो स्पोडोप्टेरा. तो चुकून भरकटून आलेला असतो, त्याला मोजणीत धरायचं नाही.

आठ ते दहा, पण कशाचे?

शिफारशींत आकडा येतो तो असा: एका सापळ्यात एका रात्रीला ८ ते १० पतंग, सलग दोन ते तीन रात्री. या वाक्यातला प्रत्येक शब्द कामाचा आहे. 'एका सापळ्यात' म्हणजे सगळ्या सापळ्यांची सरासरी, सगळ्यात भरलेला सापळा नव्हे. 'एका रात्रीला' म्हणजे आठवड्याची बेरीज नव्हे. 'सलग' म्हणजे एका रात्री पंधरा आणि दुसऱ्या रात्री दोन असं नव्हे.

आठवड्यातून एकदाच पिशवी उघडणाऱ्यांची तर दोन्हीकडून फसगत होते. समजा पिशवीत ४२ पतंग निघाले. सातने भागलं तर रात्रीला ६, म्हणजे धोका नाही. पण त्यातल्या तीन रात्री ११, १२ आणि १० पतंग आलेले असतील आणि बाकी चार रात्रींत मिळून ९, तर पातळी केव्हाच ओलांडलेली असते आणि तुम्हाला ते आठवडाभर उशिरा कळतं. उलट ५० पतंगांची गच्च पिशवी पाहून घाबरणाराही असतो. त्याने ती तीन आठवडे रिकामीच केलेली नसते.

महाराष्ट्रात ही मोजणी मोठ्या प्रमाणावर सुरू झाली ती २००८ नंतर. त्या वर्षी विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनवर पाने खाणाऱ्या अळ्यांचा मोठा उद्रेक झाला होता. त्यानंतर २००९-१० पासून कृषी विभाग, कृषी विद्यापीठं आणि केंद्राची कीड व्यवस्थापन संस्था यांनी मिळून क्रॉपसॅप हा सर्वेक्षण आणि सल्ल्याचा प्रकल्प उभा केला. गावोगावच्या ठरावीक शेतांतल्या नोंदी संगणकावर जातात आणि त्यावरून सल्ला निघतो. आपल्याकडे सल्ला परभणीच्या विद्यापीठाकडून येतो. तो तालुक्याच्या पातळीवर उपयोगाचा असतोच. पण तेरखेड्याकडच्या शेतातला आकडा तुमच्या बांधावर लागू पडेलच असं नाही, त्यासाठी स्वतःचा सापळा हवा.

एक डिसेंबर, चार सापळे

आता वहीतल्या एका हंगामाच्या नोंदी घेऊ. दोन एकर हरभरा, चार भाग पाडले, प्रत्येक भाग २० गुंठ्यांचा आणि प्रत्येकात एक सापळा. चौथा भाग तुरीच्या बांधाला लागून.

| रात्र (डिसेंबर) | सापळा १ | सापळा २ | सापळा ३ | सापळा ४ | सरासरी |
|---|---|---|---|---|---|
| ३ | २ | १ | ३ | १ | १.८ |
| ४ | ३ | २ | २ | ४ | २.८ |
| ५ | ५ | ४ | ६ | ९ | ६ |
| ६ | ८ | ७ | ९ | १४ | ९.५ |
| ७ | ९ | ८ | ८ | १५ | १० |
| ८ | ९ | ६ | ८ | १३ | ९ |
| ९ | ४ | ३ | ३ | ७ | ४.३ |
| १० | २ | १ | २ | ४ | २.३ |

६, ७ आणि ८ या सलग तीन रात्री सरासरी ८ च्या वर. पुस्तकाप्रमाणे पातळी ओलांडली. पण तक्त्यात आणखी एक गोष्ट दिसते. चौथा सापळा ४ तारखेपासून रोज बाकीच्यांच्या सरासरीच्या दीडपट-दुप्पट किंवा त्याहून जास्त चालला आहे. तो वगळून सरासरी काढली तर ६ तारखेला ८, ७ ला ८.३ आणि ८ ला ७.७ येते. म्हणजे तीन भागांत जेमतेम काठावर आणि एका भागात चांगलीच वर. कारण समजायला अवघड नाही. तुरीतल्या अळ्या मातीत उतरून कोषात गेल्या, त्या कोषांतून पतंग निघाले आणि शेजारीच कोवळा हरभरा होता. हाच उठाव रस्त्याकडच्या सापळ्यात दिसला असता तर गावातल्या दिव्यांचा परिणाम आहे का, हे आधी तपासावं लागलं असतं.

पण ९ तारखेला सकाळी लगेच औषध मारण्यातही अर्थ नव्हता. पतंग आला म्हणजे अळी आली असं नाही. मादी बाहेर पडल्यावर दोन-तीन दिवसांनी अंडी घालायला लागते. अंडी उबायला उकाड्यात तीन दिवस पुरतात, पण आपल्या डिसेंबरच्या गारठ्यात पाच-सहाही लागतात. म्हणून ९ तारखेला फक्त शेंडे आणि कळ्या बघितल्या. खसखशीच्या दाण्यासारखी, पिवळसर पांढरी, एकेकटी अंडी कुठे कुठे दिसली. म्हणजे घंटा खोटी नव्हती. त्या दिवशी निंबोळी अर्क फवारला आणि पक्षीथांबे उभे केले, कारण हरभऱ्यात चिमणी, साळुंकी आणि कोतवाल ही फुकटची मजुरी असते.

खरी मोजणी १३ तारखेला. दोन एकरांत २० ठिकाणं निवडली, प्रत्येक भागात ५. प्रत्येक ठिकाणी एक मीटर ओळीखाली पांढरं कापड सरकवायचं, झाडं हलवायची आणि पडलेल्या अळ्या मोजायच्या. हरभऱ्यात निर्णय याच आकड्यावर होतो: मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या.

२० ठिकाणी मिळून १४ अळ्या निघाल्या, म्हणजे मीटरला ०.७. पातळीच्या खाली. पण भागवार मांडल्यावर चित्र बदललं. पहिल्या तीन भागांतल्या १५ मीटरमध्ये फक्त ५ अळ्या, मीटरला ०.३. चौथ्या भागातल्या ५ मीटरमध्ये ९, म्हणजे मीटरला १.८. सापळ्याने जिकडे बोट दाखवलं होतं तिथेच अळ्या होत्या, बाकी रानात नव्हत्या.

अळ्या लहान होत्या, पहिल्या-दुसऱ्या अवस्थेतल्या. अशा वेळी घाटेअळीचा विषाणू, म्हणजे एचएएनपीव्ही, चांगला चालतो. शिफारस हेक्टरी ५०० एलई, २० गुंठ्यांना साधारण १००. सूर्यप्रकाशात विषाणू लवकर निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळी आणि द्रावणात थोडी राणीपाल. फवारला तो फक्त चौथा भाग. दोन्ही एकरांवर इमामेक्टीन बेन्झोएट मारायचं ठरलं असतं तर हेक्टरी २२० ग्रॅमच्या हिशोबाने साधारण १७६ ग्रॅम औषध लागलं असतं, वर मजुरी आणि पंपाचा खर्च. शिवाय अळीवर जगणारे मित्रकीटकही मेले असते. अळ्या मोठ्या असत्या आणि मीटरला दोनच्या वर गेल्या असत्या तर मात्र रासायनिक औषधच घ्यावं लागलं असतं, कारण मोठ्या अळीवर विषाणूचा परिणाम उशिरा होतो आणि तोवर ती घाटे पोखरत राहते.

सापळा गप्प आहे म्हणून रान मोकळं नाही

वरच्या तक्त्यात १० तारखेला सरासरी २.३ वर आली. फक्त सापळा बघणारा म्हणेल, संपलं. पण अळ्या सापडल्या त्या १३ तारखेला! पतंगांचा आकडा उतरतो तेव्हाच अळ्यांचा चढायला लागतो. सापळा आज जे सांगतो त्याचं पीक रानात आठवड्याने येतं. म्हणून आकडा उतरला की मोजणी थांबवायची नाही, तर कापड घेऊन रानात उतरायचं.

आकडा खोटाच कमी दाखवण्याची आणखी तीन कारणं आहेत. पहिलं थंडी. रात्री पारा फार उतरला की पतंग उडायचेच कमी होतात. बालाघाटावरच्या वाऱ्यात तर आणखीच. अशा चार-पाच रात्रींत सापळा रिकामा राहिला तर कीड गेली असं नाही, ती बसून आहे. थंडी ओसरल्यावर आकडा अचानक उसळतो आणि लोकांना वाटतं पतंग आजच आले.

दुसरं कारण जुनं ल्यूर. हेलिल्यूर साधारण दोन ते तीन आठवडे चालतं, मग गंध कमी होत जातो. ल्यूर बाहेरून तसंच दिसतं, त्यामुळे डोळ्यांना कळत नाही. ओळखायची युक्ती सोपी आहे: चारही ल्यूर एकाच दिवशी बदलू नका. दोन बदला आणि दोन तशीच ठेवा. नव्या दोन सापळ्यांत आकडा उसळला आणि जुन्या दोनमध्ये नाही, तर जुनी ल्यूर संपली होती. चारही सारखी चालली तर गेल्या आठवड्याचा कमी आकडा खरा होता. सगळी एकदम बदलली की वाढ किडीची की नव्या ल्यूरची, हे सांगताच येत नाही. शिल्लक ल्यूर बंद पाकिटात फ्रिजमध्ये ठेवा, आणि काढलेलं ल्यूर बांधावर टाकू नका. त्याचा उरलेला गंध नरांना सापळ्यापासून भलतीकडे नेतो.

तिसरं कारण थोडं विचित्र आहे. रानात खऱ्या माद्या भरपूर असल्या तर नराला रबराच्या बुचाकडे यायचं कारण उरत नाही. म्हणजे कीड सर्वात जास्त असते तेव्हाच सापळ्याची पकड कीड वाढल्याच्या मानाने वाढत नाही. सापळा सुरुवात चांगली दाखवतो, पण शिगेला नेमके किती पतंग आहेत हे तो सांगू शकत नाही. म्हणून २० पतंग म्हणजे १० च्या दुप्पट नुकसान, असला हिशोब करू नये.

प्रकाश सापळा: माद्या दिसतात, पण चंद्र आड येतो

नर-मादी दोन्ही बघायचे असतील तर प्रकाश सापळा. दिवा, त्याखाली नरसाळं आणि पिशवी किंवा साबणाच्या पाण्याचं घमेलं. घाटेअळीची मादी नरापेक्षा तांबूस-तपकिरी असते, त्यामुळे सरावाने वेगळी काढता येते. माद्यांचं प्रमाण वाढलेलं दिसलं तर अंडी शोधायला जाण्याची वेळ झाली असं समजायचं. शिवाय मृगाच्या आधीच्या पावसानंतर निघणारे हुमणीचे भुंगेरेही ह्याच दिव्यावर येतात.

अडचण अशी की दिवा निवड करत नाही. ढालकिडे, क्रायसोपा आणि मित्रकीटकांचे कितीतरी प्रकार त्याच पिशवीत पडतात. म्हणून तो रात्रभर चालवू नये, संध्याकाळी ७ ते १० इतकाच लावावा असं सांगतात. मात्र घाटेअळीच्या पतंगांची बरीच हालचाल मध्यरात्रीनंतर असते. त्यामुळे दहाला बंद होणाऱ्या दिव्याचा आकडा रात्रभर चालणाऱ्या दिव्याशी ताडून बघता येत नाही. तुमची वेळ ठरवा आणि हंगामभर तीच ठेवा. कीड 'संपवतो' म्हणून विकला जाणारा सोलर दिवा घेण्याआधी हे लक्षात असू द्या, आणि प्रकाश सापळ्यासाठी कामगंध सापळ्याचा ८-१० हा आकडा वापरूच नका. तो त्याच्यासाठी ठरलेला नाही.

चंद्राचा परिणाम तर ठळक आहे. दत्त जयंतीच्या पौर्णिमेला चांदणं लख्ख असतं, त्यात दिवा फिका पडतो आणि पकड घटते. तेच पंधरा दिवसांनी, आपल्याकडची येळवस येते तेव्हा अमावास्येचा गडद अंधार असतो आणि दिव्यावर पतंगांची झुंबड उडते. येळवशीला सगळं घर रानात असतं, पिशवी सगळ्यांना दिसते आणि घाबरगुंडी उडते. त्यावेळी अमावास्येचा आकडा पौर्णिमेशी लावू नये. लावायचाच तर आधीच्या अमावास्येशी लावावा, किंवा त्याच रात्रीच्या कामगंध सापळ्याशी. गंधावर चंद्राचा परिणाम तितका होत नाही. दिव्यावर उसळी आणि गंध सापळा स्थिर, तर अंधाराचा प्रभाव. दोन्हीकडे उसळी, तर नवी पिढी आली.

आपल्या तक्त्यातल्या रानात १८ डिसेंबरला चौथ्या भागात पुन्हा कापड सरकवलं. ५ मीटरमध्ये ३ अळ्या निघाल्या. त्यातल्या दोन काळपट पडून शेंड्यावरून उलट्या लोंबत होत्या, म्हणजे विषाणू लागला होता. त्याच आठवड्यात पहिल्या आणि तिसऱ्या सापळ्याची ल्यूर बदलली. दुसऱ्या आणि चौथ्याची पुढच्या आठवड्यात.